वॉर्डाचा वर्षाचा खर्च कसा काढायचा: खान्देशातल्या छोट्या दवाखान्यांकडून नेहमी येणारे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी, तालुक्याच्या गावात, एका ट्रस्टच्या दवाखान्याचे हिशोब बघतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या छोट्या दवाखान्यांतून डॉक्टर, वॉर्ड इनचार्ज सिस्टर आणि अकाउंटवाली मुलं तेच तेच विचारत असतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय, 10 खाटांचा जनरल वॉर्ड. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

1. खर्च तर आमच्या वह्यांत लिहिलेलाच असतो, मग वेगळा हिशोब कशाला?

वहीत काय गेलं ते असतं, कशासाठी गेलं ते नसतं. मेडिकल दुकानाचं बिल, लाइट बिल, पगार, सगळं एका ओळीत एकाखाली एक. त्यातून "एक पेशंट एक दिवस आपल्या खाटेवर झोपला तर आपल्याला किती पडतं" हे कळत नाही, आणि खाटेचा दर लावायचा असो, गरिबाला सूट द्यायची असो की योजनेत जायचं असो, तिन्हीला हाच आकडा लागतो. मी त्याला खाट-दिवसाचा खर्च म्हणतो. पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

2. खाट-दिवस मोजायचा कसा? 10 खाटा गुणिले 365 ना?

नाही, ते 3650 म्हणजे तुमची ताकद झाली, वापर नाही. वापर मोजायचा तर रोज रात्री 12 ला नाइटच्या सिस्टरने किती खाटांवर पेशंट आहेत ते वहीत लिहायचं आणि एप्रिल ते मार्च ते सगळे आकडे जोडायचे. आपल्या उदाहरणात ही बेरीज 2190 येते, म्हणजे 60 टक्के खाटा भरलेल्या. सकाळी सलाइन लावून संध्याकाळी घरी गेलेला पेशंट यात येत नाही, त्याचं प्र. 11 मध्ये बघा.

3. आम्ही एका महिन्याचा खर्च काढून 12 ने गुणलं, चालेल का?

खर्च एकवेळ गुणा, पेशंट गुणू नका. आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की ताप, जुलाब, मलेरिया, डेंग्यू, आणि सप्टेंबरात वॉर्ड तुडुंब. तोच वॉर्ड दिवाळीच्या आठवड्यात रिकामा, आणि दिवाळीनंतर डोंगरपट्ट्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला गुजरातकडे गेलेली असतात. मे महिन्यात ऊन लागलेले येतात पण एक-दोन दिवसांत बरे होऊन जातात.

समजा सप्टेंबरात 270 खाट-दिवस झाले. 12 ने गुणलं तर 3240, आणि खरे तर वर्षाचे 2190. या एका चुकीने आपल्या उदाहरणात खाट-दिवसाचा खर्च 1,807 ऐवजी 1,319 दिसतो (हे दोन आकडे कुठून आले ते प्र. 4 मध्ये), म्हणजे दर लावतानाच रोजचे जवळपास 490 रुपये कमी धरले जातात आणि वर्षअखेरीला सगळे एकमेकांकडे बघत बसतात की पेशंट तर भरपूर होते, पैसा गेला कुठे.

4. मग खर्चात काय काय धरायचं? एकदा पूर्ण मांडून दाखवा ना.

दोन ढीग करा. पहिल्या ढिगात पेशंट असो नसो जाणारा खर्च, दुसऱ्यात पेशंट आला तरच होणारा.

पहिला ढीग, वर्षाचा: सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय आणि रात्रीचे डॉक्टर यांचा पगार 23,52,000. जागेचं भाडं 2,40,000. लाइट, डिझेल, पाणी 2,16,000. मशिनींची झीज आणि देखभाल 2,40,000 (प्र. 7). ऑफिस आणि केसपेपर काउंटरच्या खर्चातला वॉर्डाचा वाटा 1,80,000. बायोमेडिकल कचरा, परवाने, फायर वगैरे 72,000. बेरीज 33,00,000.

दुसरा ढीग: पेशंटच्या बिलात न लागणारं वॉर्डातलं सामान, चादरींची धुलाई, ऑक्सिजन. वर्षाचे 6,57,000. भागिले 2190 केलं की 300 रुपये.

33 लाख भागिले 2190 म्हणजे 1,507. त्यात 300 मिळवा, 1,807 झाले. पेशंटच्या नावावर मेडिकलमधून येणारी औषधं यात नाहीत, ती वेगळी राहू द्या नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

आता हाच वॉर्ड 80 टक्के भरला तर खर्च 1,430 वर येतो आणि 40 टक्केच भरला तर 2,560 होतो. सामानाची खरेदी कितीही घासाघीस करून केली तरी इतका फरक पडत नाही, म्हणून कापूस-स्पिरिटवर भांडण्याआधी खाटा किती भरतात ते बघा असं मी प्रत्येकाला सांगतो.

5. 10 खाटांना इतका पगार? दोन सिस्टर ठेवल्या तर?

हिशोब करून बघा. 24 तास एक सिस्टर हवी तर वर्षात 1095 ड्युट्या भरायच्या. एक माणूस 52 साप्ताहिक सुट्ट्या आणि साधारण 30 दिवस रजा-सण सोडून 283 ड्युट्या करतो. 1095 भागिले 283 म्हणजे 3.87, म्हणजे एका जागेला चार माणसं लागतातच. आपल्या उदाहरणात चार सिस्टर अधिक एक इनचार्ज, चार मावशी-वॉर्डबॉय आणि एक डॉक्टर आहेत. दोनच सिस्टर ठेवल्या तर त्या डबल ड्युट्या करतात, चार महिन्यांत एक सोडून जाते आणि मग नव्या मुलीला शिकवेपर्यंत सलाइन, सिरिंज, कॅन्युला सगळंच जास्त वाया जातं. त्या बचतीचा खर्च दुसऱ्या ढिगातून निघतो, फक्त दिसत नाही.

6. वॉर्डातल्या सामानाचा खर्च म्हणजे वर्षभराची खरेदी बिलं, बरोबर?

खरेदी म्हणजे वापर नाही. मार्चमध्ये कुणीतरी स्कीम आहे म्हणून ग्लोव्हजचे 40 बॉक्स घेऊन ठेवले तर तो खर्च पुढच्या वर्षाचा. 1 एप्रिलचा शिल्लक साठा, त्यात वर्षाची खरेदी मिळवा, 31 मार्चचा साठा वजा करा, ओटीला किंवा ओपीडीला दिलेला माल वजा करा, आणि एक्सपायर झालेला माल वेगळ्या ओळीत काढा. उरला तो वापर. 31 मार्चला साठा कपाट उघडून स्वतः मोजायचा, रजिस्टरवरून उतरवायचा नाही.

आणि वर्षातून एकदा तरी एका वस्तूचा माग काढा. आम्ही कॅन्युलाचा काढला होता. एका महिन्यात स्टोअरमधून वॉर्डाला 118 गेल्या आणि पेशंटच्या बिलात लागल्या 71. म्हणजे 47 चा पत्ता नाही. पहिल्यांदा सगळ्यांनी चोरीच धरली. मी सिस्टरांना दोष न देता एक कागद ट्रेवर चिकटवला आणि म्हटलं, ताई, वापरली की नुसती रेघ मारा, का वापरली ते बाजूला एका शब्दात. पुढच्या महिन्यात उलगडा झाला. साधारण 20 पहिल्या टोचण्यात शीर न मिळाल्याने वाया जात होत्या, त्यात बहुतेक लहान मुलं, जुलाबाने सुकलेली, पिवळी 24 नंबरची कॅन्युला लागणारी. 15 इमर्जन्सीतून आलेल्या आणि ॲडमिट न होता पुढे जळगावला पाठवलेल्या पेशंटना लागल्या होत्या, त्यांचं बिलच बनत नव्हतं. राहिल्या 12, त्या खरंच बिलात टाकायच्या राहून गेल्या होत्या. म्हणजे चूक सुधारण्यासारखी फक्त या 12 ची. बाकी 35 हा आजाराचा खर्च आहे आणि तो खाट-दिवसात धरायलाच हवा. तेव्हापासून मी कुणालाही आधी चोर म्हणत नाही.

7. मशीन तर एकदाच घेतो, त्याचा दरवर्षी खर्च कसा?

पेशंट मॉनिटर घ्या. समजा 60,000 ला मिळतो आणि आपल्या धुळीत, व्होल्टेजच्या चढउतारात सहा वर्षं नीट चालतो. म्हणजे वर्षाची झीज 10,000. सीएमसी, म्हणजे पार्टसकट देखभालीचा करार, 8 टक्क्यांनी 4,800, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणून 5,664. आता करार नीट वाचा, त्यात बहुतेक वेळा एसपीओटू प्रोब आणि बॅटरी नसते. प्रोबची वायर बोटाजवळ वाकून वाकून आतून तुटते, रीडिंग येतं-जातं करायला लागलं की समजायचं, वर्षाला दोन जातात, 1,500 च्या हिशोबाने 3,000. बॅटरी दोन वर्षांतून एकदा 3,000, म्हणजे वर्षाला 1,500. एकूण 20,164. घेतला 60 हजाराला आणि दरवर्षी 20 हजार खातोय. सगळ्या मशिनींची अशी एक-एक ओळ करा, सक्शन, ऑटोक्लेव्ह, इन्व्हर्टर, खाटासुद्धा. उदाहरणातले 2,40,000 असेच आलेत, झीज 1,40,000 आणि देखभाल 1,00,000.

एएमसी घ्यायचा की सीएमसी? एएमसीत माणूस येतो, पार्टचे पैसे वेगळे. मशीन नवीन असेपर्यंत एएमसी पुरतो, चार वर्षांनंतर बोर्ड जायला लागतात तेव्हा सीएमसी बरा. पण आपल्या भागात माणूस किती तासांत येणार हे करारात लिहून घ्या, कारण इंजिनिअर नाशिकहून किंवा पुण्याहून निघतो. आमच्याकडे एकदा ऐन सीझनमध्ये ऑटोक्लेव्ह नऊ दिवस बंद होता, करार चालू असताना, आणि ड्रेसिंगचे ड्रम रोज गाडीने दुसऱ्या गावाला पाठवून आणावे लागले. तो गाडीखर्च कुठल्याच ओळीत नव्हता.

8. सीए झीज वेगळीच लावतात. कुठली धरायची?

सीएंची झीज इन्कम टॅक्ससाठी असते, दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्का, म्हणून पहिल्या वर्षी जास्त आणि नंतर कमी कमी होत जाते. खाटेचा दर काढायला ती घेतली तर जुनं मशीन फुकट वाटायला लागतं. तुम्ही आजच्या बाजारभावाला भागिले वर्षं असं करा. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत, एकमेकांत मिसळू नका.

9. मॉनिटर दान मिळालाय, जागा डॉक्टरांचीच आहे, मग ते शून्य धरू?

धरू नका. दानात मिळालेला मॉनिटरही सहा वर्षांनी बंद पडणार, तेव्हा पुन्हा कुणी देईलच असं नाही, आणि प्रोब-बॅटरी तर पहिल्या वर्षापासून तुम्हीच आणता. जागा स्वतःची असेल तर गावात तेवढ्या जागेला जे भाडं मिळालं असतं ते लावा. मालक डॉक्टर स्वतः रात्री उठत असतील तर दुसऱ्या डॉक्टरला जे दिले असते ते लावा. हे पैसे खिशातून जात नाहीत म्हणून त्यांच्यापुढे एक खूण करून ठेवा, म्हणजे रोख किती आणि धरलेला किती ते वेगळं दिसेल.

10. ऑक्सिजनचा खर्च कधीच जुळत नाही. काय करू?

मोठा डी टाइप सिलिंडर म्हणजे 7 घनमीटर, 7000 लिटर. मिनिटाला 5 लिटरने लावला तर 1400 मिनिटं, म्हणजे 23 तास 20 मिनिटं चालायला हवा. केसपेपरवर लावल्याची, काढल्याची वेळ आणि फ्लो लिहा आणि महिन्याचे लिटर जोडून रिकाम्या सिलिंडरशी ताडा. थोडा फरक राहतोच, कारण सिलिंडर पूर्ण रिकामा होईपर्यंत कुणी थांबत नाही. पण चार सिलिंडरांमागे एक गायब असेल तर गळती आहे, रेग्युलेटरच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावून फुगे बघा. अजून एक राहून जातं, सप्लायर रिकामा सिलिंडर उशिरा परत केला तर भाडं लावतो, ते बिलात बारीक अक्षरात असतं.

11. दिवसभर सलाइन लावून घरी जाणारे पेशंट कसे मोजायचे?

रात्री 12 च्या मोजणीत ते येत नाहीत पण सिस्टरचा वेळ आणि सामान तर खातात. आम्ही चार तासांपेक्षा जास्त खाट अडवली तर अर्धा खाट-दिवस धरतो. तुम्ही दुसरा नियम केलात तरी चालेल, फक्त वर्षाच्या मध्यात बदलू नका नाहीतर मागच्या वर्षाशी तुलना होणार नाही.

12. एक्सपायर झालेली औषधं वाया गेली म्हणून सिस्टरकडून भरून घ्यायची का?

कुठली ते बघा. कपाटाच्या मागे राहिलेले ग्लोव्हज, ड्रेसिंग वाया गेलं तर साठा फिरवला नाही म्हणून, ती सवय बदला. पण पेरणीच्या दिवसात सर्पदंशाचा पेशंट रात्री शेतातून येतो तेव्हा एएसव्हीच्या 10 व्हायल फ्रिजमध्ये असायलाच हव्यात. त्या वापरल्या गेल्या नाहीत आणि तारीख संपली तर तो तयारीचा खर्च, पहिल्या ढिगातला. त्याचे पैसे सिस्टरकडून मागितले तर पुढच्या वर्षी ती व्हायल मागवणारच नाही, आणि मग काय होतं ते मला इथे लिहायची इच्छा नाही.

13. जीएसटीचं क्रेडिट मिळतं ना, मग सामान जीएसटी वगळून धरायचं?

उपचाराच्या सेवेवर जीएसटी माफ आहे म्हणूनच खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. तो खर्चच आहे, जीएसटीसकट किंमत धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधं आणि वैद्यकीय सामान 5 टक्क्यांवर आलंय, त्यामुळे त्याआधीच्या बिलांवरून पुढच्या वर्षाचं बजेट करत असाल तर कर नवा लावून घ्या. देखभाल करारावर मात्र 18 टक्केच आहे.

14. मोफत आणि सवलतीच्या पेशंटचा खर्च कसा दाखवायचा? ट्रस्टी दरवर्षी विचारतात.

धर्मादाय योजनेतल्या दवाखान्यांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या असतात, उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000. बाकी पेशंटच्या बिलाचे 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे आयपीएफमध्ये टाकायचे.

बरेच जण समजतात की मोफत पेशंटचा सगळा खर्च त्या निधीतून निघतो. तसं नाही. निधीत खर्ची पडतात ती औषधं, सामान, इम्प्लांट खरेदी किमतीने, आणि बिल होणाऱ्या सेवा सगळ्यात खालच्या दराने. खाट, नर्सिंग, आरएमओ, चादर, लाइट, पाणी, सफाई हे बिल न होणाऱ्या सेवांत येतं, त्याला निधीतून एक पैसा नाही. आणि आपला 1,807 चा खाट-दिवस म्हणजे जवळपास तीच यादी आहे! म्हणजे वॉर्डाचा भार वॉर्डानेच उचलायचा असतो.

आपल्या उदाहरणात 2190 पैकी 219 दिवस मोफत आणि 219 दिवस निम्म्या दराने, 900 रुपयांनी. एकूण खर्च 39,57,000. निम्म्या दरवाल्यांकडून आले 1,97,100. उरलेले 37,59,900 राहिलेल्या 1752 दिवसांतून यायला हवेत, म्हणजे दिवसाला 2,146. ट्रस्टींना हे एकच वाक्य सांगा: खर्च 1,807 आहे, सवलत सांभाळायला 2,146 लागतात, मधले 339 एकतर पैसे देणारा पेशंट देतो नाहीतर देणगीदार. कोणी द्यायचे ते त्यांनी ठरवावं.

15. खाट रिकामीच होती, तिच्यावर गरीब पेशंट घेतला. तरी 1,807 खर्च?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. वर्षाच्या हिशोबात हो, 1,807. पण त्या रात्री घ्यायचं की नाही हे ठरवताना नाही, कारण पगार, भाडं, मशीन तसेही चालूच होते. त्या रात्रीचा जास्तीचा खर्च 300 आणि औषधं. म्हणून रिकामी खाट असताना "परवडत नाही" म्हणून डोंगरातून आलेल्या बाईला परत पाठवणं हे हिशोबानेही चूक आहे. सप्टेंबरात सगळ्या खाटा भरल्या असतील तेव्हा मात्र चित्र वेगळं, तेव्हा जादा खाट टाकायची तर जादा माणूस लागतो, त्याचा पगार त्या 300 मध्ये मिळवा.

16. योजनेतले पेशंट सवलतीत धरायचे का?

महात्मा फुले योजनेतले नाही. तिथे शासन पॅकेजचे पैसे देतं, त्यातच खाट, औषध, सामान सगळं. त्यांचा वेगळा कागद करा: पॅकेजचे पैसे वजा खाट-दिवस गुणिले 1,807 वजा औषधं आणि तपासण्या. समजा पॅकेज 9,000, पेशंट चार दिवस राहिला, 7,228 गेले, औषधं 1,400, उरले 372. तोच पेशंट पाचव्या दिवशीही राहिला तर 1,435 ने खाली. त्यामुळे पेशंटला घाईने घरी पाठवा असं मी म्हणत नाही, पण कुठल्या आजारात आपण दरवेळी खाली जातो ते माहीत असावं. आणि दावा नामंजूर झाला तर ते नुकसान, सवलत नाही.

17. "कापूस मोजला की देतो" म्हणून गेलेल्यांची बाकी सवलतीत टाकू?

टाकू नका, ती उधारी. बहुतेक माणसं दिवाळीनंतर कापूस मोजला की खरंच आणून देतात, आमच्या वहीत मी बघितलंय. मार्चअखेर जे आलं नाही ते बुडीत म्हणून वेगळ्या ओळीत लिहा. सवलत म्हणजे ॲडमिट होताना कागद बघून, सही घेऊन दिलेली. नंतर वसूल झालं नाही म्हणून सवलत लिहिली तर ज्याच्याकडे खरंच काही नव्हतं त्याचा आणि ज्याने टाळलं त्याचा आकडा एक होतो, आणि पुढच्या वर्षी सवलतीचं बजेट कापलं जातं ते पहिल्याचं.